उरलेला चौथा बिट

डिजिटलच्या प्रॅक्टिकलला मी दर वर्षी एकच फंक्शन देतो. चार बिटांची संख्या स्विचांवर टाकायची. ती मूळ संख्या असेल तरच एलईडी लागला पाहिजे. ० ते १५ मध्ये मूळ संख्या सहाच: २, ३, ५, ७, ११ आणि १३. हातात मात्र ७४१५१, म्हणजे आठ-ला-एक मल्टिप्लेक्सर. त्याला सिलेक्ट लाइन तीनच. "सर, सोळा-ला-एकचा आयसी नाही का?" असं कुणीतरी विचारतंच. मी तो देत नाही. तीन बिट जागेवर बसल्यावर चौथ्याला कुठे पाठवायचं, हेच तर शिकायचं असतं.

ट्रुथ टेबलच्या सोळा ओळी लिहा आणि दोन-दोनच्या जोड्या पाडा. जोडीत ए, बी, सी सारखेच राहतात, बदलतो फक्त शेवटचा डी. म्हणजे एका जोडीला मल्टिप्लेक्सरचा एक इनपुट, आणि त्या इनपुटला जोडण्याजोग्या गोष्टी चारच: शून्य, एक, डी किंवा उलटा डी. ० आणि १ दोन्ही मूळ नाहीत, म्हणून पहिल्या इनपुटला शून्य. २ आणि ३ दोन्ही मूळ, तिथे एक. ४-५ मध्ये फक्त ५, तिथे डी. ६-७ ला डी, ८-९ ला शून्य, १०-११ आणि १२-१३ ला डी, १४-१५ ला शून्य. उलटा डी कुठेच लागला नाही. तो लागायचा तर जोडीतली सम संख्या मूळ आणि विषम संख्या मूळ नसलेली हवी. सम मूळ संख्या एकटी २, आणि तिच्या शेजारी ३ बसलेला. इन्व्हर्टर वाचला तो या अंकगणितामुळे. एखादी मुलगी हे कारण आपण होऊन सांगते, तेव्हा तिच्या जर्नलवर सही करताना मला फार बरं वाटतं.

यातली एक चूक मी इतक्यांदा पाहिली आहे, की दुरूनही ओळखू येते. आपल्या टेबलात ए हा सर्वांत मोठ्या किमतीचा बिट. ७४१५१ च्या डेटाशीटमध्ये मात्र ए नावाची पिन, ११ नंबरची, सर्वांत लहान किमतीची आणि ९ नंबरची सी सर्वांत मोठ्या किमतीची. मुलं नावाला नाव जुळवून ए ला ए जोडतात. मग सिलेक्टचे बिट उलट क्रमाने वाचले जातात: १ आणि ४ नंबरच्या इनपुटांची अदलाबदल होते, ३ आणि ६ चीही. ३ आणि ६ दोन्हींवर डीच आहे, म्हणून तिथे काहीच कळत नाही. बिघडतात त्या फक्त चार ओळी: २ आणि ३ ला एलईडी लागत नाही, ८ आणि ९ ला लागतो. बाकीच्या बाराही ओळी बिनचूक! ५, ७, १३ तपासून "झालं, सर" म्हणणाऱ्याला चूक दिसणारच नाही.

दुसरी चूक सोपी आहे. ७ नंबरची स्ट्रोब पिन मोकळी सोडली, तर टीटीएलमध्ये ती हाय समजली जाते, आयसी बंद राहतो आणि एलईडी कधीच लागत नाही.

डीकोडरच्या प्रयोगात हाच चौथा बिट पुन्हा भेटतो, पण दुसऱ्या टोकाला. ७४१३८ हा तीन-ला-आठ डीकोडर. दोन आयसींतून चार-ला-सोळा करायचा, तर खालचे तीन बिट दोघांनाही समान द्यायचे. उरतो तो सर्वांत मोठा, ए, आणि त्याची जागा एनेबल पिनवर. ७४१३८ ला तीन एनेबल आहेत: एक हाय झाल्यावर चालणारा, दोन लो झाल्यावर. ए पहिल्या आयसीच्या लोवाल्या एनेबलला आणि दुसऱ्याच्या हायवाल्या एनेबलला जोडला, की ० ते ७ पहिला सांभाळतो, ८ ते १५ दुसरा. इथेही इन्व्हर्टर नको. उरलेले एनेबल मात्र ५ व्होल्ट किंवा ग्राउंडला बांधलेच पाहिजेत. ए दोघांच्याही एकाच जातीच्या एनेबलला गेला, तर दोन आउटपुट एकदम लो होतात. चूक ओळखण्याची तीच खूण.

आउटपुट लो झाल्यावर निवडलेले असतात, म्हणून सोळा एलईडींपैकी पंधरा लागलेले आणि एक विझलेला दिसला, तर घाबरू नका. सर्किट बरोबर आहे. २, ३, ५, ७, ११, १३ हे सहा आउटपुट ७४३० या आठ इनपुटांच्या नँडला द्यायचे आणि त्याचे उरलेले दोन इनपुट ५ व्होल्टला. तोच मूळ संख्यांचा एलईडी पुन्हा लागतो.

एकाच फंक्शनसाठी मी मल्टिप्लेक्सरच घेईन, एका आयसीत काम होतं. पण त्याच चार बिटांवर तीन-चार फंक्शन हवी असतील तर डीकोडर लावावा. पुढच्या प्रत्येक फंक्शनला फक्त एक नँड वाढतो.

उद्या हा प्रयोग लावणार असाल, तर सर्वांत आधी स्विचांवर २ टाका आणि मग ८.