प्रोषितपतिकेचा लेखनिक

नाट्यशास्त्रात नायिकेच्या ज्या आठ अवस्था सांगितल्या आहेत, त्यांपैकी प्रोषितभर्तृकेची अवस्था शिकवताना वर्गात एक शंका हमखास निघते. पती प्रवासाला गेलेला, नायिका कृश झालेली, केसांची एकच वेणी, दिवस मोजण्याचा चाळा, आणि आकाशात पहिला मेघ. हे सारे जर आधीच ठरलेले असेल तर त्यात खरी भावना ती कोणती, असे विद्यार्थी विचारतात. प्रश्न रास्त आहे. मात्र त्यामागे एक गृहीतक दडलेले असते. भावना आधी असते आणि संकेत हा तिच्यावर मागाहून चढवलेला पोशाख असतो, असे ते गृहीतक. माझा अनुभव मला निराळे सांगतो. संकेत भावनेला सजवतो की नाही हा प्रश्न दुय्यम आहे. कोणी, कोणाजवळ, कोणती गोष्ट बोलायची हे तो आधी ठरवून ठेवतो, आणि भावनेला त्या वाटेनेच जावे लागते.

या दृष्टीने ‘मेघदूत’ पुन्हा वाचण्यासारखे आहे. यक्षाला एक वर्षाचा शाप आहे. त्यातले आठ महिने सरले आहेत. शेषशायी विष्णू उठेल तेव्हा, म्हणजे कार्तिकात, शाप संपायचा आहे. मेघाला वाट सांगून झाल्यावर उत्तरमेघात यक्ष आपल्या पत्नीचे वर्णन करू लागतो, आणि तेथे एक बारीक गोष्ट ध्यानात येते. तो जे सांगतो ते त्याने पाहिलेले नाही. ती देवपूजेत गढलेली असेल, किंवा अंदाजाने माझे चित्र काढीत असेल, किंवा पिंजऱ्यातल्या सारिकेशी बोलत असेल, अशी ‘वा’ या अव्ययाने जोडलेली विकल्पांची एक मालिकाच तो मेघापुढे मांडतो. पुढे वीणा मांडीवर घेऊन बसलेली आणि उंबरठ्यावर ठेवलेल्या फुलांवरून उरलेले महिने मोजणारी पत्नी येते, आणि या विकल्पांच्या शेवटी तो स्वतःच म्हणून जातो की विरहात स्त्रियांचे विरंगुळे बहुधा असेच असतात. हा ‘बहुधा’ फार बोलका आहे. पत्नी काय करीत असेल हे त्याला ठाऊक नाही. विरहिणी काय करतात हे मात्र ठाऊक आहे. ते त्याला काव्यपरंपरेने शिकवले आहे. संबंध काव्यात पत्नी स्वतः एक शब्दही बोलत नाही. जिला आपण वाट पाहणारी नायिका म्हणून ओळखतो, ती दूर गेलेल्या पुरुषाच्या मनातली प्रतिमा आहे, आणि त्या प्रतिमेला आकार संकेताने दिला आहे. म्हणून यक्षाचे दुःख खोटे ठरते काय? मुळीच नाही. पत्नीजवळ पोहोचण्यासाठी त्याच्यापाशी दुसरे काही साधनच नाही. संकेत काढून घेतला तर त्याच्या हाती नुसती अनुपस्थिती उरेल.

मेघ दूत कसा होईल, ही शंकाही आपल्या आधी प्राचीनांनी घेतली आहे. भामहाने ‘काव्यालंकारा’त मेघ, वारा, चंद्र, भ्रमर यांना दूत करण्यात अयुक्तिमत् हा दोष दाखवला. ज्यांना वाचाच नाही, किंवा आहे ती अस्पष्ट, त्यांनी निरोप कसा न्यावा? उत्कंठेने उन्मत्त झालेला माणूस तसे बोलत असेल तर चालेल, एवढी सवलत मात्र त्याने ठेवली. कालिदासाने तीच सवलत काव्याच्या आरंभी घेतली आहे. धूर, प्रकाश, पाणी आणि वारा यांचा हा गोळा निरोप काय नेणार, हे तो स्वतःच विचारतो, आणि कामार्ताला चेतन-अचेतनाचा विवेक उरत नाही असे उत्तर देतो. संकेत वापरणाऱ्याला त्याची कृत्रिमता कळत नसते, हा आपला आधुनिक गर्व येथे गळून पडावा.

आता या संकेताचे ऋतुमान पाहू. मेघदूतात आणि त्याही आधीच्या, आपल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या ‘गाहा सत्तसई’त पावसाळा म्हणजे प्रवाशाने घरी असण्याचा काळ. वाटा बुडतात, नद्या दुथडी वाहतात. म्हणून पहिला मेघ दिसताच पथिक घराकडे वळतो आणि न वळलेल्याच्या घरी भय दाटते. सत्तसईतला मेघ मुख्यत्वे अशी सूचना देणारा आहे. पेशवाईतल्या लावणीतही हे गणित जवळजवळ तसेच राहिले, कारण फौज दसऱ्याला सीमोल्लंघन करी आणि पावसाळ्यात छावणीला अथवा घरी परते. शाहिरांची विरहिणी संस्कृतातून उसनी आणली, असे म्हणून हा विषय निकालात काढणाऱ्यांनी या स्वारीच्या पंचांगाचा विचार करायला हवा. जुना संकेत टिकला, कारण त्याच्याखालचा ऋतुक्रम टिकला होता.

दोडामार्गात तो टिकलेला नाही. सावंतवाडीतून वेगळा होऊन 1999 साली तालुका झालेला हा मुलूख एका अंगाने सह्याद्रीला आणि दुसऱ्या अंगाने गोव्याला टेकलेला आहे. येथल्या अनेक घरांतला कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला. चाकरमानी येई तो शिमग्याला, मे महिन्यात, आणि मुख्यतः भाद्रपदात गणपतीला. म्हणजे आषाढ हा येथे मीलनाचा मास नव्हेच. पहिल्या मेघाबरोबर कोणी घरी येत नसे. मे महिन्यात आलेला असेल तर तोही नेमका तेव्हाच परत जाई. आषाढात बायका गुडघाभर चिखलात तरवा काढीत आणि लावणी करीत. हातातल्या कांकणाला सैल व्हायला अवकाश नव्हता. (लावणी या शब्दाचे दोन अर्थ एकाच मोसमात असे समोरासमोर येतात, आणि आमच्याकडे दुसऱ्या अर्थाला फारसे कोणी विचारीत नाही.)

माझ्या शालेय वयात, 1990च्या आसपास, वाडीतल्या ज्यांना लिहिता येत नसे त्यांची पत्रे मी लिहून देई. शेजारच्या काकी त्यांत नेमाच्या. त्यांचे यजमान मुंबईत एका खानावळीत कामाला होते. काकी कधी माझ्याजवळ बसून सांगत, कधी मागीलदारी भांडी घासता घासता. पत्राचा साचा पक्का होता. वरती श्री, मग सा. न. वि. वि., इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे, आणि पत्रास कारण की. यजमानांचे नाव त्या घेत नसत. पाकिटावरचा पत्ता जुन्या पाकिटावरून मी उतरवून घेई. मजकूर म्हणजे गुराढोरांची खबर, बियाण्याची खबर, मनिऑर्डर मिळाल्याची पोच. मी एकदा विचारले, “आणि काय लिवू?” काकी थोडा वेळ थांबून म्हणाल्या, “लिव, पावस खूप पडता. उत्तरेकडची कौला गळतत.”

पुढच्या तीन पत्रांतही ती कौले गळत राहिली. गळती केवढी आहे ते मला दिसत होते; एक घमेले ठेवले की भागण्याजोगी होती. तरीही ते वाक्य दरवेळी सांगितले गेले, आणि दरवेळी पत्राच्या शेवटी, ‘गणपतीक येवा’ या वाक्याच्या लगेच आधी. आज साहित्यशास्त्राची परिभाषा हाताशी आहे म्हणून मी त्याला ध्वनी म्हणेन. पण अधिक महत्त्वाचे हे की, पतीला उद्देशून ‘तुमच्यावाचून करमत नाही’ असे लिहिण्याची सोय त्या पत्राच्या संकेतात नव्हती. लिहिणारी शाळकरी मुलगी, वाचून दाखवणारा तिकडचा कोणी खोलीतला सोबती. दोन परक्या माणसांतून जाणारे ते वाक्य कौलांच्या भाषेतच जाऊ शकत होते. यक्षाला मेघापुढे संकोच नव्हता, कारण मेघ गावात कोणाला सांगणार नव्हता.

मग करमत नसल्याचे बोलणे जाई कुठे? त्याच काकी पहाटे जात्यावर बसत तेव्हा त्यांच्या ओव्यांत वाट पाहणे पुष्कळ असे. पण वाट पाहिली जाई ती भावाची. तो मुराळी होऊन न्यायला यायचा, वाटेत नदी भरलेली, कावळा ओरडतो आहे, सासरी कोणी पाठवायला राजी नाही. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये संकलित केलेल्या ओव्यांत, आणि हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांच्या प्रकल्पात जमलेल्या लाखाहून अधिक ओव्यांत, भावाला केवढे स्थान आहे हे अभ्यासकांना ठाऊक आहेच. बायकांनी बायकांसाठी घडवलेल्या या परंपरेत प्रतीक्षेचे अधिकृत पात्र बहुतांशी भाऊ आहे. काकींना सख्खा भाऊ नव्हता. हे मला फार उशिरा, त्यांच्या माहेरी एका कार्याला गेले असता समजले. भाऊ नसलेली बाई रोज पहाटे भावाची वाट पाहत होती, आणि तिच्या आवाजात कृतकपणा तिळभरही नव्हता. ओवीतल्या भावाच्या जागी यजमान होते असे मात्र मी म्हणणार नाही. ते फार सोपे झाले. माहेर, गेलेले वय, न झालेला भाऊ आणि मुंबईतला नवरा हे सारे त्या एका ठरलेल्या नावाखाली एकत्र आले असावे. परंपरेने एकच दार उघडे ठेवले होते आणि त्यातून बरेच काही बाहेर पडत होते.

आणखी एक गोष्ट नकाशा पाहताना लक्षात येते. यक्षाचा मेघ दक्षिणेकडून उत्तरेकडे, म्हणजे प्रवाशाकडून घराकडे जातो. रामगिरी म्हणजे रामटेक हे मिराशींचे मत धरले तर तो माळवा ओलांडून हिमालयाकडे निघालेला आहे. आमच्याकडचा मोसमी पाऊसही दक्षिणेकडूनच वर सरकतो. दक्षिण कोकणात लागल्यावर साधारणतः चार-पाच दिवसांनी तो मुंबईला पोहोचतो. पण आमची नायिका दक्षिणेत आणि प्रवासी उत्तरेत. म्हणजे दोडामार्गाहून पाहता मेघ घराकडून प्रवाशाकडे जातो, आणि निरोप देण्याचा अधिकार आपोआप वाट पाहणारीकडे येतो. टपालालाही तेवढेच दिवस लागत. ‘इकडे पाऊस लागला’ असे मी जूनच्या आरंभी लिहिलेले पत्र मुंबईत उघडले जाई तेव्हा तेथेही बहुधा पहिल्या सरी आलेल्या असत. कोणत्याही कवीने हा योग वापरलेला माझ्या वाचनात नाही. काकींनी तो वापरला, अर्थात नकळत. त्यांना बातमी द्यायची होती ती गळतीची.

संकेत केव्हा मेला हे ओळखण्याची माझी एक साधी खूण आहे. कवितेतले गाव आणि महिना बदलून पाहावा. काहीच बिघडले नाही तर संकेत नुसता शोभेचा उरला आहे असे समजावे. महाविद्यालयाच्या नियतकालिकासाठी येणाऱ्या कवितांत चातक आणि सखा पुष्कळ असतात, आणि त्या नागपुरात वैशाखात नेऊन ठेवल्या तरी त्यांचे काही बिघडत नाही. आता येथली तरुण मुले मुंबईपेक्षा गोव्यातल्या कारखान्यांत दुचाकीवरून रोज जातात आणि रात्री परततात. शास्त्राच्या भाषेत बोलायचे तर प्रोषितभर्तृकेची जागा विरहोत्कंठितेने घेतली आहे. अपराध नसताना, काही अडचणीमुळे ज्याला यायला उशीर झाला त्याची वाट पाहणारी ती. गेल्या खेपेस एका विद्यार्थिनीने अशी एक कविता आणून दिली. तीत मेघ नव्हता, सखी नव्हती. कॉजवेवर पाणी चढले आहे, पलीकडच्या तीरावर दुचाकीचा दिवा दिसतो आहे, आणि पाणी उतरेपर्यंत तो दिवा मालवू नये एवढेच ती म्हणते. संपादक मंडळातल्या एका सहकाऱ्यांचे मत पडले की यात काव्य कमी आणि वृत्तान्त अधिक आहे. मी ती कविता पहिल्या पानावर घ्यावी असे सुचवले आहे. निर्णय अद्याप व्हायचा आहे.