भाच्याचा अर्ज

गेल्या वर्षी वसतिगृहात राहणाऱ्या माझ्या भाच्याला कांजिण्या आल्या. तिसऱ्या दिवशी रेक्टरसाहेबांना लिहिलेला अर्ज त्याने मला फोनवर वाचून दाखवला. मी पडलो मराठीचा मास्तर! अर्जात ‘आपल्या चरणी’ दोनदा होते. पण स्वतंत्र खोली किती दिवस हवी, हे कुठेच नव्हते.

“ताप उतरलाय, मामा. दोन दिवस लिहू?”

“तापावर जाऊ नकोस. नवे फोड थांबून सगळ्यांवर खपली धरेपर्यंत, असे लिही. पुरळ उठल्यापासून आठवडाभर तरी धर.”

मग जेवणाकडे वळलो. तोंडातही फोड होते. म्हणून मऊ भात, बिनतिखट वरण आणि ताक मागितले.

“ताट कोण आणतं रे?” मी सहज विचारले.

“भटारखान्यातल्या ताई. सहावा महिना आहे त्यांना.”

मी चमकलो. हा रोग हवेतूनही पसरतो, आणि गरोदरपणी तो आईला नि बाळालाही धोक्याचा.

“अर्जात पहिले वाक्य हेच घाल. ताईंना इकडे पाठवू नये. त्यांना पूर्वी कांजिण्या आल्या नसतील, तर आजच डॉक्टरांना दाखवावे. ज्याला त्या येऊन गेल्यात, त्यानेच ताट दाराशी ठेवावे.”

संध्याकाळी खोली मिळाली. ताईंना लहानपणीच कांजिण्या येऊन गेल्या होत्या, हे कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला.

‘आपल्या चरणी’ मात्र पठ्ठ्याने एकदा ठेवलेच!