अर्ध्या गुंठ्यात नव्वद किलो

दसरा झाला की आमच्या मिठबावात भात कापायची घाई सुरू होते. किनाऱ्यावर गजबादेवीच्या बाजूला समुद्र शांत झालेला असतो, आणि आत मळ्यात कुणगे पिवळे पडलेले असतात. पावसाची एखादी परतीची सर आली तर उभं भात आडवं होतं, म्हणून जो तो विळा परजून असतो. अशाच दिवसांत कधीतरी कृषी सहायक, तलाठी किंवा ग्रामसेवक यांच्यापैकी कोणीतरी टेप, सुतळी, चार खुंट्या आणि वजनकाटा घेऊन येतात. गावात म्हणतात, ‘सरकारी कापणी इली.’ कागदावर त्याचं नाव पीक कापणी प्रयोग.

शेत कुठलं घ्यायचं ते त्यांच्या मनावर नसतं. सर्व्हे नंबर आधीच चिठ्ठी टाकल्यासारखा काढलेला असतो. शेतात पोचल्यावरही जागा आपल्याला हवी तिथे धरता येत नाही. नैर्ऋत्य कोपऱ्यात उभं राहून, नेमून दिलेली पावलं लांबीत आणि नेमून दिलेली पावलं रुंदीत चालायची, आणि जिथे पोचू तिथे पहिली खुंटी. तिथून दहा मीटर बाय पाच मीटरचा चौकोन आखायचा. कोपरे काटकोनात आले की नाही ते कर्णावरून कळतं. तो अकरा मीटर अठरा सेंटिमीटर भरला पाहिजे. आमचे कुणगे वेडेवाकडे, त्यामुळे ह्या कर्णापायी निम्मी सकाळ जाते. मग आतलं भात कापायचं, झोडायचं, वारं द्यायचं आणि तोलायचं.

पन्नास चौरस मीटर म्हणजे साधारण अर्धा गुंठा. एका हेक्टरात असे दोनशे तुकडे बसतात, म्हणून तुकड्यातले किलो दोनशेने गुणले की हेक्टरी उतारा. अशा दहा तुकड्यांची सरासरी म्हणजे त्या अख्ख्या महसूल मंडळाचं त्या वर्षीचं भात. तुमच्या कुणग्यात काय पिकलं ते विमा बघत नाही, मंडळाची सरासरी बघतो. राज्यात 2025 च्या खरिपापासून तर भरपाई ठरवताना भर आला तो ह्या कापणीवर.

आता तो कागद. तो कुठल्या मंडळाचा, कुठल्या वर्षाचा, ते सांगत नाही. आकडेही मी थोडे सोपे करून घेतलेत. एका ओळखीच्या माणसाने, जो गावच्या समितीवर होता, तो टाइप केलेला तक्ता मला बघायला दिला. ते वर्ष वाईट होतं. पोटरीच्या वेळेला पाऊस गायब, आणि मग कापणीच्या तोंडावर कोसळला. सगळ्यांची समजूत अशी की यंदा उतारा घसरलाच आहे, भरपाई बसणार. तक्त्याखाली सरासरी मात्र लिहिली होती हेक्टरी 3220 किलो. चांगल्या वर्षालाही मान खाली घालायला लावील असा आकडा.

मी ती ओसरीवर बसून मोठ्याने वाचली. माझे चुलते, तात्या, सुपारी कातरत होते. ते म्हणाले, “खाली काय लिवलासा ता सोड. वरचे धा वाच.”

मी वाचले. 8.2, 7.5, मग 90, मग 6.8, 8.6, 7.9, 9.3, 6.4, 8.8 आणि 7.5.

अडकित्ता थांबला. “नव्वद? अर्ध्या गुंठ्यात नव्वद किलो? तो कुणगो माका दाखव. मी थयच ऱ्हवाक जातंय.”

तात्यांनी कागद-पेन्सिल घेतली नव्हती. त्यांच्या डोळ्यांसमोर एवढा एक चौकोन आणि त्यातले भारे होते. नव्वद किलो म्हणजे पन्नास किलोच्या दोन गोण्यांना थोडं कमी, आणि ते अर्ध्या गुंठ्यातून. हेक्टरला अठरा टन होतात. आमच्या कातळाखालच्या मळ्यात सोडाच, भाताच्या नामांकित मुलखातही एका हंगामात असं पीक उभं राहत नाही. बाकीचे नऊ तुकडे साडेसहा ते सव्वानऊ किलोंच्या आसपास रेंगाळत असताना ह्या एकाच तुकड्यावर असा कुठला पाऊस पडला?

मी मात्र हिशेबाला बसलो. नव्वद धरून दहांची बेरीज 161, सरासरी 16.1. म्हणजे दहातले नऊ तुकडे सरासरीच्या खूप खाली आणि एकटा वर. खरं तर एवढं दिसलं तरी पुरे. जी सरासरी दहातल्या नऊ जणांना लागू पडत नाही, तिच्यात कोणीतरी एकटा सगळ्यांचं खातोय. दहा आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडले तर मधले दोन येतात 7.9 आणि 8.2, म्हणजे मधला साधारण 8. नव्वदच्या जागी नऊ घातला तरी मधला हलत नाही. सरासरी मात्र 16.1 वरून थेट 8 वर येते. बेरीज बरोबर 80.

नव्वदच्या जागी नऊच का घालायचा, हा प्रश्न रास्त आहे. अंदाजाने आकडा बदलणं ही दुसरी चूक झाली असती. म्हणून त्या माणसाला सांगितलं, शेतात भरलेला मूळ फॉर्म काढायला लाव. त्यावर सर्व्हे नंबर, खुंटीची पावलं, वजन आणि हजर असलेल्यांच्या सह्या असतात. फॉर्म सापडला. त्यावर वजन मराठी आकड्यांत होतं: ९.०. टिंब होतं, पण कापणीच्या हाताचं, ओलसर कागदावर उमटलेलं आणि घडीवर आलेलं. टाइप करणाऱ्याला दिसलं ते ९०. बाकीच्या नऊ आकड्यांत टिंबानंतर सहा, आठ, दोन असा काहीतरी आकडा होता, त्यामुळे कोणी ८२ किंवा ७५ टाइप केलं नाही. टिंब बघूनच ते वाचले गेले. पूर्ण किलोचं वजन एकच होतं, आणि नव्वद हा आकडा वाचायला कसा स्वाभाविक वाटतो! तक्ता वर पाठवायच्या आधी तो दुरुस्त झाला.

तो झाला नसता तर काय, हे मी तात्यांना समजावून सांगितलं. उंबरठा उत्पन्न असं एक मोजमाप असतं. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिचा ठरलेला हिस्सा, आपल्याकडे सत्तर टक्के, हा उंबरठा. समजा तो हेक्टरी 2000 किलो आहे. खरी सरासरी 8 गुणिले 200, म्हणजे 1600. तूट 400 किलो, उंबरठ्याच्या वीस टक्के. विम्याची रक्कम हेक्टरी पन्नास हजार धरली तर भरपाई दहा हजार. नव्वदवाल्या तक्त्यात सरासरी 3220, उंबरठ्याच्या कितीतरी वर. तूट नाही, भरपाई शून्य, आणि ती एकट्याची नाही, मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाची. ज्याच्या शेतात मुळात नऊ किलो निघाले त्याचीसुद्धा.

तात्या म्हणाले, “म्हंजे एका टिंबान सगळ्यांचो घास काढलो असतो.”

आणि गोष्ट तिथेच थांबत नाही. असा फुगलेला आकडा दप्तरात राहिला की पुढच्या वर्षांत तो ‘चांगल्या पाच’मध्ये हमखास निवडला जातो. खरं तर ते वर्ष टाकून द्यायच्या दोघांतलं. मग उंबरठा उगाच वर चढतो, आणि पुढे एखाद्या बऱ्या वर्षालाही तूट दिसू लागते. ज्यांना मिळायला हवं होतं त्यांना मिळत नाही आणि नंतर ज्यांना मिळायला नको त्यांना मिळतं. तात्यांना हा भाग फारसा वाईट वाटला नाही, हे कबूल करायला हवं.

माझा पुण्याचा पुतण्या संगणकावर काम करतो. तो म्हणाला, काका, असे आकडे यंत्र आपोआप पकडतं. सरासरीपासून तीन प्रमाण विचलनांपलीकडे गेला की लाल खूण. मी त्याला हेच दहा आकडे दिले. लाल खूण आली नाही. त्याने पुन्हा तपासलं, तरी नाही. प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप. पण नव्वद आत असल्यामुळे ते मापच फुगतं, आणि चोर आपल्याच फुगवलेल्या मापाने मोजला जातो. दहा आकड्यांच्या यादीत एखादा कितीही वेडा असला, नव्वदच्या जागी नऊ हजार घातले, तरी तो तीन विचलनांपलीकडे जाऊच शकत नाही. हे गणितानेच ठरलेलं आहे. पुतण्याने मग सरासरीऐवजी मधला आकडा घेतला आणि त्यापासूनचं अंतर मोजलं, तेव्हा नव्वद उघडा पडला. तात्यांनी अडकित्ता थांबवून केलं ते हेच.

सरासरी फुगायला शून्यच लागतं असंही नाही. ही कापणी नमुन्याने करायची रीत देशात बसवली त्यात पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे मोठं नाव, साताऱ्याकडच्या बुधचे. 1940 च्या दशकात त्यांचं म्हणणं होतं की तुकडा फार लहान घेतला तर उतारा जास्त दिसतो, कारण सुतळीच्या कडेवरचं रोप कापणारा आतच ओढतो. तुकडा लहान तेवढी त्याच्या मानाने कड मोठी. आमच्याकडे मी हे पाहिलंय. कडेची लोंबी कोणाला सोडवत नाही. आकडा वेडा दिसत नाही, पण दहाही तुकड्यांत थोडं थोडं वाढतं. अशी वाढ तक्ता बघून कळत नाही; सुतळी बघायला शेतात उभं राहावं लागतं.

वरच्या पायऱ्यांवर चूक होत नाही असं समजू नये. जानेवारी 2012 च्या देशाच्या औद्योगिक उत्पादनाच्या आकड्यात वाढ 6.8 टक्के जाहीर झाली होती. मग कळलं की साखरेचं उत्पादन 58 लाख टनांऐवजी 134 लाख टन धरलं गेलं. दुरुस्त वाढ निघाली 1.1 टक्के. 134 हा आकडा शून्याच्या चुकीसारखा ओरडत नाही. पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही कारखान्याच्या गाळप हंगामाचं गणित ज्याला ठाऊक आहे, त्याला एका महिन्यात एवढी साखर पोत्यांत भरलेली दिसली नसती.

आमच्या तक्त्यात ज्याची मला अजून भीती वाटते ते शून्य नाही, मराठी एक आणि नऊ. घाईत लिहिलेला १ आणि ९ यांचं पोट सारखंच दिसतं. १६ चा ९६ झाला तर तात्या ओरडतील. ६.१ चा ६.९ झाला तर कोणी ओरडणार नाही. तो बाकीच्यांत मिसळून जातो. त्यासाठी हल्ली समितीवरचा आमचा माणूस काट्यावरचा आकडा फॉर्मवर अक्षरांत लिहून घेतो, ‘नऊ किलो शून्य ग्रॅम’, आणि सगळ्यांदेखत मोठ्याने वाचून मगच सही करतो. कापणी करणाऱ्यांना ह्याचा कंटाळा येतो. ऊन चढत असतं, भात भिजेल की काय ही धास्ती असते, आणि हा बाबा कागदाशी पुटपुटत बसलेला.