चूर्णातले शिसे

आपल्या घरांतील फडताळात दोन प्रकारची देशी औषधे नांदत असतात. एक, त्रिफळा, अश्वगंधा किंवा शतावरी यांसारखी निव्वळ वनस्पतींची चूर्णे. आणि दुसरी, भस्मे व रसौषधी, ज्यांत धातू किंवा खनिज मुद्दाम घातलेले असते. या दोहोंना आपण एकाच नावाने ‘आयुर्वेदिक’ म्हणतो आणि एकाच विश्वासाने घेतो. परंतु शिसे, पारा, सोमल किंवा कॅडमियम यांचा विचार करताना ही दोन दालने वेगळी ठेवावी लागतात. पहिल्यात धातू चोरपावलांनी येतो: दूषित जमिनीतून, सांडपाण्यातून, दळणाच्या यंत्रातून किंवा भेसळीतून. दुसऱ्यात तो रीतसर निमंत्रण घेऊन येतो.

रासायनिक पृथक्करणाच्या प्रयोगशाळेत माझी नोकरीची बरीच वर्षे गेली. निवृत्तीनंतरही ओळखीची माणसे हातात पुडी घेऊन येतात व ‘बाई, यात काही आहे का?’ असे विचारतात. पुडी पाहून, हुंगून वा चाखून याचे उत्तर देता येत नाही. शिशाला वास नाही, आणि औषधात असते त्या प्रमाणात त्याची चवही कळत नाही. चूर्ण उकळून किंवा चाळून ते निघूनही जात नाही. अर्धा ग्रॅम चूर्ण नायट्रिक आम्लात तापवून पूर्ण विरघळवावे आणि ते द्रावण उपकरणात घालावे, तेव्हाच आकडा हाती येतो.

आमच्या धर्मग्रामातील एका काकूंची हकीकत सांगते. वय छप्पन्न, गुडघेदुखीने त्रस्त. गावोगाव फिरणाऱ्या एका वैदूकडून त्यांनी करड्या रंगाच्या पुड्या घेतल्या. ना नाव, ना लेबल. पाव ग्रॅमची पुडी सकाळ-संध्याकाळ मधातून घ्यायची. गुडघ्यांना उतार पडल्यासारखे वाटले, म्हणून तीन महिने क्रम चालू राहिला. मग पोटात मुरडा येऊ लागला, बद्धकोष्ठता जडली आणि जिना चढताना धाप लागू लागली. हिमोग्लोबिन साडेआठवर आले. सोनोग्राफी झाली, दुर्बिणीने जठर पाहिले. दोन्हींत काही सापडले नाही. अखेर एका तरुण डॉक्टरांनी रक्ताचा थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा तांबड्या पेशींत निळसर ठिपके दिसले. त्यांनी विचारले, “काकू, आणखी काही औषध घेता का?” “औषध असे नाही हो, नुसती जडीबुटी,” काकू म्हणाल्या.

रक्तातील शिसे तपासले, तर ते दर डेसिलिटरला ७१ मायक्रोग्रॅम निघाले. पाचच्या वर आकडा गेला की शिसे कोठून येते याचा शोध घ्यावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उरलेल्या पुडीत शिशाचे प्रमाण १.२ टक्के भरले. म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या रोजच्या मात्रेतून सहा मिलिग्रॅम, अर्थात सहा हजार मायक्रोग्रॅम शिसे पोटात जात होते. पुडी बंद झाली आणि शिसे बांधून लघवीवाटे बाहेर काढणारे औषध इस्पितळात देण्यात आले. आकडा झपाट्याने उतरला, पण महिन्याभराने पुन्हा थोडा चढला. शिसे हाडांत जाऊन बसते व तेथून वर्षानुवर्षे रक्तात झिरपत राहते, म्हणून उपचारांचा दुसरा फेरा लागला.

‘मग आम्ही लेबल असलेलेच घेऊ,’ असे कोणी म्हणेल. ते बरेच, पण पुरेसे नाही. २००४ साली बॉस्टन परिसरातील दक्षिण आशियाई दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल आढळला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ औषधांचा हिशेबही जवळजवळ तोच, पाचात एक. त्यात रसौषधींचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. आणि धातू सापडलेल्या औषधांपैकी पाऊणांवर ‘उत्तम उत्पादन पद्धती’ पाळल्याचा दावा होता. कारखाना स्वच्छ आहे ही एक गोष्ट. या डब्यात शिसे किती आहे ही दुसरी.

म्हणून वनस्पतींच्या चूर्णाबाबत दुकानदाराला किंवा उत्पादकाला मागायचा तो पृथक्करणाचा अहवाल. तो तुमच्या डब्यावरील बॅच क्रमांकाचाच हवा; मागल्या वर्षीच्या मालाचा अहवाल या वर्षीच्या मुळीविषयी काही सांगत नाही. तो मान्यताप्राप्त, स्वतंत्र प्रयोगशाळेचा असावा. आणि त्यात चारही धातूंचे आकडे असावेत. नुसते ‘उत्तीर्ण’ हे अक्षर पुरत नाही. आपल्याकडे वनौषधींसाठी शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग, सोमलाची ३, पाऱ्याची १ व कॅडमियमची ०.३ आहे. निर्यातीच्या वनौषधींना ही तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची झाली.

आकडा का हवा, ते पाहा. दशलक्षात १० भाग म्हणजे दर ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम. रात्री चमचाभर, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम त्रिफळा घेतल्यास मर्यादेच्या काठावर ‘उत्तीर्ण’ झालेल्या चूर्णातून रोज ५० मायक्रोग्रॅम शिसे जाईल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाळंतपणाच्या वयातील स्त्रियांसाठी आहारातील शिशाचा जो संदर्भ-आकडा ठरवला आहे, तो दिवसाला ८.८ मायक्रोग्रॅम आहे. उलट त्याच चूर्णाच्या अहवालात शिसे १ भाग असेल, तर चमच्यातून पाचच मायक्रोग्रॅम जातात. दोन्ही डब्यांवर शिक्का सारखाच. निवड मात्र आकड्यानेच होते.

रसौषधींना हा हिशेब लागू पडत नाही, कारण तेथे धातू हाच घटक आहे. नागभस्म म्हणजे शिसे. रससिंदूर व मकरध्वज म्हणजे पारा. भस्म पाण्यावर तरंगते, बोटांच्या रेषांत शिरते, या परंपरागत परीक्षा त्याची बारीकी दाखवतात. धातू नाहीसा झाल्याचे दाखवत नाहीत. नावेही फसवी असतात. योगराज गुग्गुळ हा वनस्पतींचा, तर महायोगराज गुग्गुळात नागभस्म व रससिंदूर दोन्ही असतात. सांधेदुखीसाठी शेजारीण एक सांगते आणि आपण दुसरे आणतो! तेव्हा घटकांची यादी शेवटपर्यंत वाचावी. पारा, हिंगूळ, हरताळ असे विषारी गणलेले द्रव्य असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ या अर्थाची सूचना इंग्रजी व हिंदीत छापण्याचे बंधन कायद्याने घातलेले आहे. ती दिसल्यास पदवीधर, नोंदणीकृत वैद्याने तपासून, मात्रा व मुदत लिहून दिल्याविना ते औषध घेऊ नये. गर्भवतीने, अंगावर पाजणाऱ्या मातेने व लहान मुलांनी तर त्यापासून दूरच राहावे. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये अशा औषधांमुळे शिशाची बाधा झालेल्या सहा गर्भवती स्त्रिया आढळल्या होत्या, आणि शिसे वारेतून गर्भापर्यंत पोहोचते.

ज्यांनी अशी औषधे महिनोन्‌महिने घेतली आहेत, त्यांनी रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी आणि औषधाचा डबा किंवा पुडी फेकून न देता डॉक्टरांकडे न्यावी. त्यांनी औषधांविषयी विचारले, तर जडीबुटीचेही नाव सांगावे. काकूंच्या बाबतीत निदान त्या एका प्रश्नानेच झाले.