पेनाची तारीख, पेन्सिलीची तारीख

आरोग्यसेविकेच्या नोकरीतून निवृत्त झाले, तरी लसीकरणाचं कार्ड काही हातातून सुटलं नाही. पूर्वी ते कॅरीबॅगेत गुंडाळून यायचं, आता मोबाइलवर फोटो म्हणून येतं. खाली प्रश्न एकच असतो, "बाई, समदं टायमावर हाय का?"

प्रश्न सोपा वाटतो, पण त्यात दोन प्रश्न असतात. कागदावर काय लिहिलंय, हा पहिला. तो वाचता येणाऱ्या कुणालाही थोड्या सरावाने सोडवता येतो. लेकराला आता काय द्यायचं, हा दुसरा. तो लेकरू समोर असलेल्या सिस्टरचा आणि डॉक्टरांचा. मी पहिल्यापुरतंच बोलते. तेवढंही नीट करायचं म्हटलं तर अर्धा तास जातो.

२०२४ च्या ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात आलेला एक फोटो सांगते. आमच्या बीड जिल्ह्यातलं ऊसतोडीला जाणारं कुटुंब. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाच्या गाडीत बसायचं, मार्च-एप्रिलमध्ये परत यायचं. पोरीने दिराच्या फोनवरून कार्डाचा फोटो पाठवला आणि मागोमाग तिचा आवाज, "बाई, सगळे रकाने भरल्यात. आता पाच वर्साचं झाल्यावरच ना?"

मी आधी रकाने बघत नाही, जन्मतारीख बघते. ती होती १७ मार्च २०२३. ती कागदावर वेगळी लिहून घेतली आणि तिच्यापुढे हिशेब मांडला. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस, म्हणून २८ एप्रिल. दहा आठवडे २६ मे, चौदा आठवडे २३ जून. नऊ महिने पूर्ण १७ डिसेंबरला, सोळा महिने १७ जुलै २०२४ ला आणि दोन वर्षं १७ मार्च २०२५ ला. 'दीड महिना', 'अडीच महिने' असं तोंडी धरलं की दोन-चार दिवस इकडेतिकडे होतात आणि त्यातच घोळ होतो. आपला हिशेब आधी मांडायचा आणि मग कार्डावरच्या तारखा त्याच्याशेजारी ठेवायच्या.

जन्माच्या रकान्यात बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि कावीळ-ब, तिन्हींपुढे १७/३/२३. प्रसूती दवाखान्यातली, त्यामुळे हे जागच्या जागी झालेलं. पुढे सहा आठवड्यांचा रकाना ३ मे, दहाचा ५ जुलै, चौदाचा २ ऑगस्ट.

इथे शहरातल्या आया घाबरतात. दहा आठवड्यांची लस १० जुलैआधी पाच दिवस का होईना, पण साडेतीन महिन्यांच्या लेकराला? त्यासाठी गावातलं लसीकरण कसं चालतं ते माहीत हवं. त्या गावात महिन्यातून एकदा, पहिल्या बुधवारी सत्र असायचं. २८ एप्रिलला सहा आठवडे भरले, तर पुढचा बुधवार ३ मेचा. जूनच्या बुधवारी पोरगी माहेरच्या लग्नाला गेली होती, म्हणून दुसरा डोस जुलैवर गेला. 'सहा आठवडे' याचा अर्थ त्याआधी नको. दोन डोसांत निदान चार आठवडे हवेत, आणि इथे ५ जुलै ते २ ऑगस्ट बरोबर २८ दिवस भरतात. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, जिथे थांबलं तिथून पुढे जायचं. म्हणून या तीन रकान्यांपुढे मी लिहिलं, 'उशिरा, पण पूर्ण'.

नऊ महिन्यांच्या रकान्यात अडले. गोवर-रुबेलाच्या पहिल्या डोसापुढे निळ्या पेनाने ६/१२/२३ दिसत होतं. अक्षर आमच्याकडच्या सिस्टरचं नव्हतं. डिसेंबरात कुटुंब सांगली जिल्ह्यात कारखान्याच्या तळावर कोपीत होतं, तेव्हा तिकडच्या सिस्टरचं असणार. पण ६ डिसेंबरला नऊ महिन्यांना अकरा दिवस कमी पडतात. गोवर-रुबेला नऊ महिन्यांआधी दिली, तर तो डोस हिशेबात धरत नाहीत, नऊ महिन्यांनंतर पुन्हा द्यावा लागतो. आईकडून आलेलं गोवराविरुद्धचं संरक्षण बाळाच्या अंगात काही महिने टिकतं आणि तेच लसीला नीट काम करू देत नाही. म्हणजे अकरा दिवस किरकोळ नाहीत.

त्याच फोटोत मला घडीची पांढरी रेघ दिसत होती, ती नेमकी या तारखेच्या डाव्या कडेवरून गेलेली. मी पोरीला सांगितलं, "कार्ड पाटावर सपाट ठेव, दारात उजेडात आण, फ्लॅश लावू नको आणि एकेका रकान्याचा जवळून फोटो काढ." दुसऱ्या फोटोत घडीत दबलेला २ दिसला. तारीख २६/१२/२३ होती. नऊ महिने आणि नऊ दिवस. डोस जमेला धरायचा.

त्याच रकान्यात न्यूमोकोकलच्या बूस्टरचं घर कोरं होतं. पोलिओच्या इंजेक्शनच्या तिसऱ्या डोसाला तर घरच नव्हतं. हा तिसरा डोस २०२३ च्या जानेवारीपासून सुरू झाला. कार्डं आधीची छापलेली असली की ती ओळ त्यात नसते, सिस्टर कडेला हाताने लिहिते. इथे कडेला काहीच नव्हतं. कोऱ्या घराचे दोन अर्थ होतात, लस दिली नाही किंवा दिली पण लिहिली नाही. फोटोवरून यातलं कुठलं, ते कळत नाही.

अशा वेळी मी आईला लसीची नावं विचारत नाही. "सुया किती टोचल्या आणि कुठं?" एवढंच विचारते. आपल्याकडे प्रत्येक लसीची जागा ठरलेली आहे. नऊ महिन्यांना गोवर-रुबेला उजव्या दंडाला, पोलिओचं तिसरं इंजेक्शन डाव्या दंडाला आणि न्यूमोकोकल उजव्या मांडीला. पोरगी म्हणाली, "दोन टोचल्या. एक दंडाला, एक मांडीला. मांडी कडक झालती, मी रातभर जागी व्हते." म्हणजे न्यूमोकोकल दिली असावी आणि पोलिओचं इंजेक्शन राहिलं असावं. 'असावी' हा शब्द मी मुद्दाम वापरते. आईची आठवण खुणेची आहे, ती नोंद नाही. आणि "पोलिओ तर पाजलाय की, बोटाला शाई लावलीती" हे तिचं म्हणणंही खरं होतं, पण ते पल्स पोलिओचे थेंब. ते या रकान्यात धरत नाहीत.

आता राहिला तिचा मूळ प्रश्न, सगळे रकाने भरलेत का. सोळा ते चोवीस महिन्यांच्या घरांत, म्हणजे त्रिगुणीचा बूस्टर, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि पोलिओ बूस्टरचे थेंब या तिन्हींपुढे १७/७/२४ लिहिलेलं होतं. फोटोत पेन आणि पेन्सिल सारखीच काळपट दिसतात. पण तारीख पाहिल्यावर मला शंका आली. पहिलं म्हणजे ती सोळा महिने पूर्ण होण्याचीच तारीख होती, एक दिवस मागेपुढे नाही. ज्या लेकराचा महिन्याच्या सत्रामुळे दर वेळी उशीर झाला, त्याचंच हे नेमकं कसं जमलं? दुसरं, अक्षर सांगलीकडच्या सिस्टरचं, आणि जुलैत हे लोक गावी असतात. तिसरं, १७ जुलै २०२४ ला बुधवार होता खरा, पण महिन्यातला तिसरा. आणि त्या दिवशी आषाढी एकादशी. सुट्टीच्या दिवशी सत्र कुठलं?

मी विचारलं, "जुलैत लेकराला सुई टोचली का गं?"

"नाय ओ बाई. आकाडीला तर आमी पंढरपुरात व्हतो."

"मग बोटाला थुंकी लावून ती तारीख हळूच पुसून बघ. तिन्ही नको, एकच."

ती पुसली गेली. आमच्या कामात पुढची तारीख पेन्सिलीने लिहायची आणि लस दिली की पेनाने, अशी पद्धत असते. डिसेंबरातच त्या सिस्टरने काळजीने पुढची तारीख लिहून ठेवली होती. फोटोत ती 'दिली' अशी दिसली आणि घरच्यांनी पाच वर्षांपर्यंत निवांत व्हायचं ठरवलं.

वयाच्या हिशेबाने या लसींना मार्च २०२५ पर्यंत वेळ होता, तेव्हा कुणीही 'टायमावर हाय' म्हणून मोकळं झालं असतं. पण या घराचं वर्ष तसं नाही. दिवाळी झाली की गाडी निघणार, मग पाच महिने तळावर. तिथे सिस्टर पोचली तर पोचली, आणि पोचली तेव्हा आई फडात असली तर राहिलंच. यांच्यासाठी मुदत मार्चला संपत नव्हती, ऑक्टोबरला संपत होती.

मी तिला तीन गोष्टी सांगितल्या. येत्या बुधवारी, ७ तारखेला, फोटो नाही, मूळ कार्ड घेऊन सत्राला जा. सोळा महिन्यांची घरं पेन्सिलीची आहेत आणि नऊ महिन्यांचं एक घर कोरं आहे, हे सिस्टरला दाखव. आणि मागच्या सुयांनंतर लेकराला झटके आले होते का, फार ताप चढला होता का, ते टोचायच्या आधी सांग. यासाठी कार्डावर घर नसतं. राहिलेल्या पोलिओच्या इंजेक्शनचं या वयात काय करायचं, ते तिने विचारलं. मी म्हटलं, "ते डॉक्टर सांगतील. मी तुझं लेकरू बघितलेलं नाही, कागद बघितलाय."

सिस्टरने कार्डावरचा नंबर घेऊन सांगलीकडच्या उपकेंद्राला फोन केला. न्यूमोकोकलची नोंद तिथल्या रजिस्टरात निघाली, २६ डिसेंबरची. पोलिओच्या इंजेक्शनची निघाली नाही. त्याचा निर्णय प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी घेतला. सोळा महिन्यांच्या लसी त्या बुधवारी झाल्या.

आता कुणी फोटो पाठवला की मी आधीच सांगते, पेनाने काय आणि पेन्सिलीने काय, ते कार्ड हातात धरून तुम्हीच मला वाचून दाखवा. निम्म्या शंका तिथेच मिटतात. उरलेल्या बुधवारी सत्रात विचारायच्या.