वेबरची पट्टी, काझी आणि साडेबारा टक्के

समाजशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘आदर्श प्रारूप’ असा एक शब्द येतो आणि पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्याची फसगत करतो. आदर्श म्हटलं की आपल्याला आदर्श शिक्षक, आदर्श गाव आठवतं. म्हणजे चांगलं, अनुकरण करावं असं काहीतरी. (कुलाब्यात त्याच नावाची एक सोसायटीही आहे, पण ते सोडा.) मॅक्स वेबर या जर्मन विद्वानाने 1904 साली हा शब्द मांडला तेव्हा त्याच्या मनात चांगलं-वाईट काही नव्हतं. त्याला हवी होती एक पट्टी. कापडवाल्याच्या टेबलावर मीटरपट्टी असते ना, तशी. पट्टी कापडाहून चांगली नसते आणि वाईटही नसते. ती सरळ असते, म्हणून कापड किती तिरकं फाटलंय ते तिच्यामुळे कळतं.

अशी पट्टी करायची कशी? खऱ्या जगात विखुरलेल्या, थोड्याथोड्या दिसणाऱ्या काही गोष्टी निवडायच्या आणि मुद्दाम एकाच दिशेने ताणत न्यायच्या, त्यांचं एक सुसंगत चित्र तयार होईपर्यंत. नोकरशाहीचं वेबरचं चित्र असं तयार झालं. प्रत्येकाचं काम ठरलेलं, वर-खाली अधिकाऱ्यांची उतरंड, सगळा कारभार फाइलवर, नेमणूक शिक्षण आणि परीक्षा बघून, पगार ठरलेला, खुर्ची घरची मालमत्ता नाही, आणि समोर कोण उभा आहे हे न बघता नियम सगळ्यांना सारखा. असं शंभर टक्के कार्यालय जगात कुठेच सापडणार नाही, आणि वेबरला ते ठाऊक होतं. चित्र करायचं, खरं कार्यालय त्याच्या शेजारी ठेवायचं, फरक कुठे पडतो ते बघायचं आणि मग विचारायचं की हा फरक का पडला. खरं संशोधन त्या ‘का’पासून सुरू होतं. फरक मोजून थांबणारा माणूस शिंपी नाही, नुसता पट्टी धरणारा आहे.

नवी मुंबईत राहणाऱ्याला या कामासाठी लांब जायला नको. सिडको ही 1970 साली स्थापन झालेली सरकारी मालकीची कंपनी. पुढच्या वर्षी तिला नवीन शहर वसवणारं प्राधिकरण नेमलं गेलं. 95 गावांची जमीन संपादनात आली. मोबदला तुटपुंजा, म्हणून लोक उठले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात जासई परिसरात जानेवारी 1984 मध्ये आंदोलन झालं, गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्के योजना आली: जितकी जमीन गेली त्याच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. 1990 मध्ये सरकारने ती मंजूर केली.

आता पट्टी लावा. पहिला फरक लगेच दिसतो. वेबरच्या चित्रात नियम करणारा आणि राबवणारा यांचं काम स्वच्छ वेगळं असतं. इथे एकच संस्था शहराचा आराखडा करते, त्यातली जमीन विकते आणि विक्रीच्या पैशातून रस्ते, गटारं बांधते. जी नियोजक, तीच दुकानदार. कोणाच्या स्वभावातून हे आलेलं नाही. सरकारने शहर उभारण्याचा खर्च जमिनीतूनच काढायचा असं ठरवलं, त्याचा हा परिणाम. दुसरा फरक जास्त बोलका आहे. साडेबारा हा आकडा कोण्या तज्ज्ञाने टेबलावर बसून काढलेला नाही, तो रस्त्यावर झगडून, वाटाघाटीतून आला. म्हणजे नियमाचा जन्म न्यायाच्या मागणीतून झाला. पण नियम एकदा कागदावर आला की त्याची चाल बदलते. तो विचारतो, सातबारावर नाव कोणाचं? ज्याचं नाव त्याला भूखंड. मिठागरात आयुष्यभर राबलेला मजूर, दुसऱ्याच्या शेतात घाम गाळलेला माणूस, खाडीवर जगणारा कोळी, यांचं नाव त्या उताऱ्यावर नसेल तर नियमाला ते दिसत नाहीत. इथे कार्यालय वेबरच्या चित्राच्या जितकं जवळ जातं, तितकं ते गावाच्या न्यायाच्या कल्पनेपासून लांब जातं. म्हणून म्हणतो, पट्टीला ‘आदर्श’ म्हणून पूजू नका.

आता आपल्या घराकडे वळतो, कारण याच वेबरने आपल्यालाही एका चित्रात बसवलं आहे. त्याने न्यायाचेही प्रकार केले. एका टोकाला लिखित, मोजता येणारा कायदा, ज्यात निकाल काय लागेल ते आधीच सांगता येतं. दुसऱ्या टोकाला असा न्याय, जिथे समोरचं प्रकरण बघून, नीती, रीत आणि परिस्थिती तोलून निर्णय होतो आणि सामान्य नियमाचं बंधन नसतं. या दुसऱ्या टोकाला त्याने नाव दिलं ‘काझी-न्याय’. झाडाखाली बसलेला काझी, मनाला येईल तसा निवाडा. पुढे हे नाव इतकं चाललं की 1949 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी एका भिन्नमतात म्हटलं की आम्ही काही झाडाखाली बसलेल्या काझीसारखे नाही.

माझी भाची समाजशास्त्रात एम.ए. करते. तिने हे वाचलं आणि फोन केला. ‘‘मामू, म्हणजे आपल्याकडे कायदाच नव्हता का?’’ तिच्या आवाजात राग होता. मी म्हटलं, रागावू नकोस, पट्टी आणि कापड वेगळं कर. वेबर स्वतः हाच प्रकार इंग्लंडच्या गावोगावच्या ‘जस्टिस ऑफ द पीस’मध्ये आणि तिथल्या ज्युरीमध्येही दाखवतो. म्हणजे ते एका प्रकाराचं नाव होतं, एका धर्माचं नव्हे. इतकी घाण सवय लागली ती नावामुळे. प्रारूपाला एखाद्या समाजाचं नाव दिलं की वाचणारे ते त्या समाजाचं वर्णन समजतात, आणि मग प्रत्येक पुराव्यातून तेच सिद्ध झाल्यासारखं वाटू लागतं. हे घडतंय का ते ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे: या प्रकारात मोडणारी गोष्ट दुसऱ्या कुणाच्या घरात सापडते का, आणि नाव असलेल्या घरात त्याच्या उलट काही सापडतं का? दोन्हीचं उत्तर ‘शोधलंच नाही’ असं असेल तर ती पट्टी राहिली नाही, शिवी झाली.

काही इतिहासकारांनी शोधलं. हाइम गर्बर यांनी तुर्कस्तानातल्या बुर्सा शहराच्या सतराव्या शतकातल्या काझी-दफ्तरांतून बघितलं की निकाल बऱ्यापैकी सुसंगत आणि आधी अंदाज करता येतील असे होते. नोंदवह्या होत्या, साक्षी-पुराव्याची पद्धत होती. वेबरने इस्लामवर स्वतंत्र ग्रंथ लिहायचा ठरवला होता, पण तो 1920 मध्ये गेला. चीन, भारत आणि प्राचीन यहुदी धर्मावर त्याने लिहिलं. आपल्या वाट्याला विखुरलेल्या टिपा आल्या.

मग मी तिला म्हटलं, बुर्साला कशाला जातेस, साडेबारा टक्क्याचीच एक फाइल घे. समज, एका मुस्लिम खातेदाराची एक हेक्टर जमीन गेली. म्हणजे 10,000 चौरस मीटर. साडेबारा टक्के म्हणजे 1,250. त्यातले 3.75 टक्के सामाजिक सुविधांसाठी कापले की 8.75 टक्के, म्हणजे 875 चौरस मीटर हाती येतात. खातेदार वारला. मागे बायको, दोन मुलगे, एक मुलगी. त्याचे आईवडील आधीच गेलेले, कर्ज काही नाही, वसीयत नाही.

फराइझचा, म्हणजे वाटणीच्या शास्त्राचा हिशोब असा. बायकोला आठवा हिस्सा: 109.375. उरले 765.625. मुलाला दोन भाग, मुलीला एक, असे पाच भाग केले की एक भाग 153.125. दोन मुलांना प्रत्येकी 306.25, मुलीला 153.125. नवव्या शतकातल्या अल-ख्वारिझ्मीच्या बीजगणिताच्या ग्रंथाचा मोठा भाग वसीयती आणि वाटणीच्या अशाच उदाहरणांचा आहे. यात काझीची मर्जी कुठे आहे? हा हिशोब बेलापूरच्या काझीने केला काय आणि बगदादच्या, उत्तर एकच. वेबरच्या चित्रातला कारकून यापेक्षा कोरडेपणाने काम करू शकणार नाही.

आणि आता तीच फाइल प्रत्यक्षात कशी चालते ते बघ, असं मी म्हटलं तेव्हा भाची गप्प झाली. कारण तिला माहीत आहे, आपल्या सगळ्यांना माहीत आहे. वडीलधारी माणसं जमतात. थोरल्याने अब्बांचं दुखणं काढलं, धाकट्याला अजून नोकरी नाही, बहिणीच्या लग्नात एवढा खर्च झालाच आहे, तिचा दुल्हाही बरा कमावतो. सगळं तोलून ठरतं की बहिणीने हक्कसोड करावी. ती सही करते. माहेरचा उंबरठा शाबूत राहावा म्हणून करते. प्रकरण बघून, रीत आणि परिस्थिती तोलून, लिहिलेला नियम बाजूला ठेवून केलेला निवाडा. काझी-न्याय तो हा. फक्त त्यात काझी नव्हता आणि शरियतही नव्हती. तिथे काझी असता तर 153.125 म्हणाला असता.

पुढे हक्कसोडपत्राची रीतसर नोंदणी होते आणि ते कार्यालयात येतं. कार्यालय बघतं: मुद्रांक आहे, सही आहे, साक्षीदार आहेत. नियमात बसलं. सही का केली हे विचारणं त्या खुर्चीचं काम नाही. एका फाइलमध्ये दोन्ही टोकं एकमेकांना टाळी देतात, घरातला तोलून केलेला निवाडा आणि कचेरीतली कोरडी मोहर, आणि मुलीचे 153 चौरस मीटर त्या टाळीत जातात. दोष कुणाचा, हे मोठ्याने बोललं की आपल्यातले काही जण कचेरीकडे बोट दाखवतात आणि बाहेरचे काही धर्माकडे. पट्टी लावली की दिसतं, धर्माच्या लिखित नियमापासून सगळ्यात लांब आपली बैठकीची खोली आहे.

‘‘पण मामू, हे फक्त आपल्यातच असेल कशावरून?’’ भाचीने विचारलं. प्रश्न बरोबर होता आणि तुलनेचं खरं कामही तेच. शेजारच्या आगरी कुटुंबात 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. म्हणजे लिखित नियम वेगळा. तिथेही बहिणींच्या सह्या त्याच प्रमाणात आणि त्याच कारणांनी होत असतील, तर फरकाचं कारण धर्मात शोधून उपयोग नाही. ते जमिनीच्या भावात, माहेरच्या नात्यात, भावावर असलेल्या अवलंबनात शोधावं लागेल. प्रमाण वेगळं निघालं तर मात्र धर्म, जमात, फिकह यांच्याकडे परत यावं लागेल, आणि आपल्याला आवडो न आवडो, ते लिहावं लागेल.

तिने प्रबंधासाठी हाच विषय मागितला आहे: पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या दोन-दोन गावांतली नोंदणीकृत हक्कसोडपत्रं, मुस्लिम आणि आगरी-कोळी घरांतली, शेजारीशेजारी. मी तिला एवढंच सुचवलं की कागद बघून झाले की सह्या करणाऱ्या बायकांना भेट, आणि भाऊ घरात नसताना भेट.