PRAGYA की PRADNYA? एका सर्टिफिकेटची आणि दोन पत्रांची गोष्ट

पोस्ट लांब आहे. पण खाद्यपदार्थांचा छोटा-मोठा धंदा करणाऱ्यांनी, बचत गटातल्या ताईंनी आणि त्यांची कागदपत्रं करून देणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचावी. ज्यांच्या नावात ‘ज्ञ’ आहे त्यांनी तर नक्कीच.

आमच्या रत्नागिरीत एक ताई आहेत. आडनाव सांगत नाही, नुसतं प्रज्ञाताई म्हणू. सात जणींचा गट आहे. थालीपीठ, आंबोळ्या, उकडीचे मोदक, मे महिन्यात आंबापोळी. घरच्या घरी सुरू केलेलं काम आता बऱ्यापैकी वाढलंय. एका कॉलेजने कँटीन चालवायला द्यायचं म्हणून अर्ज मागवले होते. त्यात अन्न परवान्याच्या नोंदणीबरोबर ‘फॉस्टॅक’चं सर्टिफिकेट जोडा असं लिहिलेलं. अर्जाची मुदत संपायला आठ दिवस. ताईंकडे सर्टिफिकेट होतं, पाच महिन्यांपूर्वी प्रशिक्षण झालेलं. पीडीएफ प्रिंट करायला गेल्या तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. मला फोन आला, “भाऊ, माझं नावच बदलून टाकलनी!”

सर्टिफिकेटवर होतं PRAGYA. आधारवर, पॅनवर, बँकेच्या पासबुकावर आणि अन्न नोंदणीवर आहे PRADNYA.

ज्यांना फॉस्टॅक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 चा. त्याखाली जे केंद्रीय प्राधिकरण आहे, म्हणजे एफएसएसएआय, त्यांनी 2017 मध्ये हा प्रशिक्षणाचा कार्यक्रम आणला. दर 25 अन्न हाताळणाऱ्यांमागे एक तरी प्रशिक्षित अन्न सुरक्षा पर्यवेक्षक असावा, असा त्यामागचा नियम. प्राधिकरण स्वतः प्रत्येक गावात वर्ग घेत नाही. मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्था घेतात. मूलभूत कोर्स साधारण चार तासांचा असतो. हात कधी धुवायचे, कच्चं आणि शिजलेलं वेगळं का ठेवायचं, 5 ते 60 अंशांच्या मध्ये पदार्थ किती वेळ राहू द्यायचा, असे विषय. शेवटी छोटी परीक्षा. पास झालात की पोर्टलवरून सर्टिफिकेट. दोन वर्षं चालतं.

आता हे PRAGYA आलं कुठून? आम्ही शोधत गेलो. वर्गाच्या दिवशी हजेरीचा कागद फिरला होता. त्यावर बहुतेक बायकांनी मराठीत नाव लिहिलं, सही केली. ताईंनी सुवाच्य अक्षरात ‘प्रज्ञा’ लिहिलेलं, त्यात काही चूक नाही. त्या कागदाचा फोटो संस्थेच्या मुख्य कार्यालयात गेला. ते कार्यालय महाराष्ट्राबाहेर, हिंदी मुलखात. तिथे कुणीतरी देवनागरी वाचून इंग्रजीत टाइप केलं.

आणि इथेच मेख आहे. ‘ज्ञ’ हे अक्षर मराठीत आणि हिंदीत एकच दिसतं, पण आपण ते ‘द्न्य’ म्हणतो आणि ते ‘ग्य’ म्हणतात. आपल्याकडे ज्ञानेश्वर DNYANESHWAR होतो, तिकडे GYANESHWAR. त्यामुळे टाइप करणाऱ्या माणसाने त्याच्या परीने अगदी बरोबर लिहिलं होतं. ही साधी टायपिंगची चूक असती, म्हणजे एखादं अक्षर सुटलंय, दोनदा पडलंय, तर समोरच्याला लगेच दिसली असती. इथे समोरच्याला चूक दिसतच नाही!

ताईंच्या भाच्याने पहिलं पत्र ईमेलने पाठवलं होतं. दीड पान. त्यात गटाचा इतिहास, कँटीनची निकड, ‘आपल्या निष्काळजीपणामुळे’ वगैरे सगळं. माझं नाव मराठीत असं उच्चारतात, असा एक परिच्छेद. सर्टिफिकेटचा नंबर मात्र कुठेच नाही. दोन दिवसांनी उत्तर आलं : नावाचं स्पेलिंग बरोबर आहे, तरीही बदल हवा असेल तर प्रतिज्ञापत्र आणि राजपत्रातली नोंद पाठवा.

उत्तर वाचून ताई गॅझेट करायला निघाल्याच होत्या. एजंटही मिळाला होता, त्याने दरसुद्धा सांगितला. मी म्हटलं, ताई, थांबा जरा.

नीट विचार करा. राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात देतात तेव्हा त्यात जुनं नाव आणि नवं नाव असं लिहावं लागतं. इथे जुनं नाव काय लिहिणार? PRAGYA? त्या नावाची बाई कुठल्याच सरकारी कागदावर नाही. एका सर्टिफिकेटसाठी आपण राजपत्रात छापून घेणार की माझं आधीचं नाव PRAGYA होतं. म्हणजे जे नाव कधी नव्हतंच, त्याला पक्का पुरावा मिळणार. उद्या बँक विचारेल की मग आधार आधीपासून PRADNYA कसं? ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ या प्रतिज्ञापत्राचंही तेच. ते एकदा केलं की प्रत्येक ठिकाणी सोबत जोडत बसायचं. आणि ताईंना पुढे पीएमएफएमई योजनेतून आंबापोळीच्या यंत्रासाठी कर्ज घ्यायचंय. तिथे पॅन, उद्यम नोंदणी, बँक खातं, सगळ्यांवर नाव जुळलेलं लागतं.

गॅझेट नाव बदलणाऱ्यासाठी असतं. लग्नानंतर आडनाव बदललं आणि प्रशिक्षण माहेरच्या नावाने झालेलं, अशा वेळी विवाहाचा दाखला किंवा राजपत्र मागितलं तर ते रास्त आहे. इथे ताईंचं नाव बदललेलंच नाही. दुसऱ्याने लिहिताना वेगळं लिहिलं. ही नोंदीची दुरुस्ती, आणि ती करणं नोंद करणाऱ्याचं काम.

पण संस्थेची बाजूही समजून घ्यायला हवी, नाहीतर पत्र नीट लिहिता येत नाही. नावदुरुस्तीच्या नावाखाली लोक काय करतात? हॉटेलातला प्रशिक्षण घेतलेला माणूस नोकरी सोडून जातो. मालक म्हणतो सर्टिफिकेट फुकट का घालवायचं, नाव ‘दुरुस्त’ करून नव्या माणसाला लावा. म्हणून संस्था बिचकतात. त्यांना खरी भीती असते माणूस बदलण्याची. तेव्हा वर्गात बसलेली बाई आणि पत्र लिहिणारी बाई एकच आहे, एवढंच पत्राने दाखवायचं. उच्चार, मराठी अस्मिता, निकड यातलं काहीही त्यांच्या कामाचं नाही.

मग आम्ही दुसरं पत्र लिहिलं. मराठी मसुदा इथे देतो, पाठवलं ते याचंच इंग्रजी :

‘विषय : सर्टिफिकेटवरील नावाची नोंद ओळखपत्राप्रमाणे दुरुस्त करण्याबाबत. सर्टिफिकेट क्रमांक अमुक.

महोदय, मी अमुक तारखेला रत्नागिरी येथे आपल्या संस्थेने घेतलेल्या मूलभूत प्रशिक्षणाला हजर होते व परीक्षा उत्तीर्ण झाले. सर्टिफिकेटवर माझे पहिले नाव PRAGYA असे आहे. माझ्या आधार व पॅनवर ते PRADNYA असे आहे. नाव बदललेले नाही. हजेरीपत्रकात मी ते देवनागरीत लिहिले होते व इंग्रजीत नोंद करताना फरक पडला आहे. मधले नाव, आडनाव, जन्मतारीख व नोंदणीचा मोबाईल क्रमांक सर्टिफिकेटच्या नोंदीशी जुळतात.

कृपया पोर्टलवरील नोंदीत पहिले नाव PRADNYA असे करून त्याच क्रमांकाचे व त्याच तारखेचे सर्टिफिकेट पुन्हा द्यावे. सोबत : सध्याचे सर्टिफिकेट, आधार (पहिले आठ अंक झाकून), पॅन. अर्ज मिळाल्याची पोच व तक्रार क्रमांक कळवावा.’

एवढंच. यातली तीन वाक्यं महत्त्वाची. ‘नाव बदललेले नाही’ या वाक्याने गॅझेटचा प्रश्न मिटतो. ‘बाकी सगळं जुळतं’ याने माणूस बदलल्याची शंका जाते. आणि ‘त्याच क्रमांकाचे, त्याच तारखेचे’ हे नाही लिहिलं तर कुणी जुनं रद्द करून पुन्हा प्रशिक्षणाला बसा म्हणू शकतो. नाव कॅपिटल अक्षरांत, चुकीचं आणि बरोबर दोन्ही. ‘माझ्या नावात चूक आहे’ एवढंच लिहून पाठवणारे पुष्कळ असतात, मग समोरचा विचारतो कुठली चूक, त्यात चार दिवस जातात. पत्र संस्थेला पाठवलं आणि प्रत फॉस्टॅकच्या मदत कक्षाला. प्रत दिसली की उत्तराची भाषा बदलते, हा पत्रकारितेतला जुना अनुभव आहे.

मधल्या काळात झेरॉक्सवाल्याने उपाय सुचवला होता. “ताई, पीडीएफमध्ये दोन अक्षरं बदलून देतो, पन्नास रुपये.” त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण कागदावर PRADNYA आणि पोर्टलवर PRAGYA, हे तपासणीत सापडलं तर ताई फसवणूक झालेल्या राहत नाहीत, बनावट दस्तऐवज वापरणाऱ्या ठरतात. भारतीय न्याय संहितेत त्याला स्वतंत्र कलमं आहेत. बरोबर नाव चुकीच्या रस्त्याने छापलं तरी ते बनावटच.

आणि कँटीनचा अर्ज? मुदतीच्या आत दिला, चुकीच्या नावाच्या सर्टिफिकेटसकट. वर एक ओळ जोडली : नावाच्या नोंदीची दुरुस्ती मागितली आहे, अर्जाची प्रत व पोच सोबत. कॉलेजच्या बाईंनी ते वाचलं, आधार पाहिलं आणि शिक्का मारला. दुरुस्तीची वाट पाहत बसलो असतो तर मुदत गेली असती, कारण नवं सर्टिफिकेट आलं अकराव्या दिवशी. नंबर तोच, तारीख तीच. वैधता अर्थात मूळ तारखेपासूनच मोजायची, दुरुस्तीमुळे नवी दोन वर्षं मिळत नाहीत. ताईंनी पोर्टलवर जाऊन तिथलंही नाव बदललंय का ते पाहिलं. हे विसरू नका. कधी कधी पीडीएफ नवी येते आणि आतली नोंद जुनीच राहते.

कँटीन मिळालं. पुढच्या महिन्यात गटातल्या आणखी दोघींचं प्रशिक्षण आहे. एकीचं नाव विज्ञा! हजेरीच्या कागदावर इंग्रजी कॅपिटलमध्ये, आधार समोर ठेवून लिहायचं आणि त्या कागदाचा फोटो आपल्या मोबाईलमध्ये काढून ठेवायचा, असं ताईंनी गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलंय. खाली भाच्याने अंगठा दाखवलाय.